जिनिव्हा पट्टे, पर्लाज आणि घासलेली कड: एकाच मशीनला 21,000 रुपये जास्त का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. चावीच्या घड्याळांची आवड वडिलांकडून आली. यंदा निवृत्तीचे पैसे हातात आले, तेव्हा एक चांगलं घड्याळ स्वतःसाठी घ्यायचं ठरवलं.

पुण्यात एका विक्रेत्याकडे दोन घड्याळं पाहिली. दोन्हींत युनिटास 6498 हेच मशीन आहे. हाताने चावी द्यायची, 17 ज्युएल, सेकंदाचा छोटा काटा सहाच्या जागी. केसही तीच, डायलही तीच, मागून दोन्हींना काच. फरक फक्त काचेतून आत दिसतो. पहिल्याचं मशीन साधं, करड्या रंगाचं. दुसऱ्यात चाकं वरून धरून ठेवणाऱ्या तुकड्यांवर, म्हणजे ब्रिजवर, जिनिव्हा पट्टे आहेत, खालच्या प्लेटवर बारीक गोल-गोल नक्षी आहे आणि ब्रिजच्या कडा तिरक्या घासून चकचकीत केलेल्या आहेत. साधं 34,000 ला, सजवलेलं 55,000 ला. विक्रेता म्हणतो, "सगळं हातकाम आहे."

वेळ दोन्ही सारखीच दाखवणार, हे मला कळतं. मग या 21,000 मध्ये मी नेमकं काय विकत घेतोय? आणि हातकाम आहे की नाही हे मला, म्हणजे घड्याळजी नसलेल्या माणसाला, ओळखता येईल का? फोटो जोडतोय. काचेवर उजेड आलाय, त्याबद्दल क्षमस्व.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून नमस्कार. मी वीसेक वर्षं जुनी घड्याळं घेतो आणि विकतो, त्यामुळे पैशाचं बोलतो. उद्या विकायला काढलंत तर त्या 21,000 मधले फार तर तीन-चार हजार परत येतील. जुन्या बाजारात घेणारा आधी नाव विचारतो, मग मशीन विचारतो, मग चालू आहे का ते बघतो. पट्टे बघणारा शंभरात एखादा. साधं घ्या आणि उरलेल्या पैशात दुसरं एक जुनं स्विस शोधा.

कुपवाड_टूलरूम

मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूम बघतो. घड्याळातलं कळत नाही, पण धातूवरची फिनिश हा माझा रोजचा धंदा आहे. फोटोतली कड म्हणजे साधा 45 अंशाचा चॅम्फर. कार्बाइडचा टोकदार कटर लावला, स्पिंडल वेगात फिरवला, तर पितळेवर आरशासारखा चॅम्फर एका ब्रिजला दोन-तीन मिनिटांत निघतो. पट्टेही तसेच, प्रोग्राम एकदा लिहिला की झालं. हाताने जे होतं ते सगळं यंत्रावर होतं आणि जास्त अचूक होतं. हातकामाचे पैसे म्हणजे भावनेचे पैसे, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोलक

कृष्णाकाठ, प्रश्न नेमका विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. मी सांगलीतच घड्याळं दुरुस्त करतो, चौतीस वर्षं झाली. मेलेल्या युनिटासच्या एका ब्रिजवर मी स्वतः कड घासायला शिकलो. त्यामुळे पुढचं बरंचसं हाताचं ज्ञान आहे.

आधी पट्टे. नांगरट झालेलं शेत लांबून पाहिलंत तर एक तास उजळ, एक तास काळसर दिसतं. माती तीच असते, फक्त उताराची दिशा बदलते. जिनिव्हा पट्ट्यांचं तसंच आहे. लाकडाची किंवा तसल्याच मऊ पदार्थाची चकती घेतात, तिला घासणारी पेस्ट किंवा बारीक पेपर लावतात आणि ती फिरत असताना तिच्याखालून ब्रिज सरळ रेषेत सरकवतात. चकती किंचित कललेली असते, त्यामुळे तिची एकच बाजू धातूला लागते. एक पट्टा झाला की टेबल ठरावीक अंतर सरकवायचं आणि पुढचा पट्टा मागच्याच्या कडेवर थोडा चढवायचा. प्रत्येक पट्ट्यात केसाहून बारीक अशा वळणदार रेघा उमटतात. खोली अगदी थोडे मायक्रॉन. बोट फिरवलंत तर जवळजवळ सपाटच लागेल. दिसतो तो उजेडाचा खेळ.

यात एक गोष्ट बघण्यासारखी असते. पट्टे एका ब्रिजवरून शेजारच्या ब्रिजवर न तुटता जायला हवे असतील तर सगळे ब्रिज एकाच बैठकीवर आपापल्या जागी बसवून एकदमच चकतीखालून काढावे लागतात. वेगवेगळे केले तर जोडाशी पट्टा अर्ध्या रुंदीने सरकलेला दिसतो. तुमच्या फोटोत बॅरलचा, म्हणजे स्प्रिंगच्या डब्याचा, ब्रिज आणि चाकांचा ब्रिज यांच्यामध्ये मला तेच दिसतंय. पण उजेडामुळे खात्री देत नाही.

गोल नक्षी म्हणजे पर्लाज. ती उभ्या ड्रिलवर होते. टोकाला रबराची किंवा लाकडाची बारीक दांडी, तिला घासणारा मसाला. दांडी फिरत असते, ती क्षणभर टेकवायची, उचलायची, प्लेट थोडी सरकवायची, पुन्हा टेकवायची. प्रत्येक गोल मागच्या गोलावर चढतो, पुढची ओळ मागच्या ओळीवर. कौलारू छपरावर कौलं बसतात तसं. काम सोपं दिसतं, पण दांडीचं टोक झिजत जातं आणि शेवटच्या ओळीतले गोल पहिल्या ओळीपेक्षा पुसट किंवा मोठे होतात. म्हणून मधूनमधून टोक सारखं करावं लागतं. दाब जास्त झाला किंवा हात अर्धा सेकंद जास्त थांबला की तो एकटा गोल खड्ड्यासारखा उठून दिसतो. आणि पुसता येत नाही, प्लेट पहिल्यापासून घासावी लागते.

पट्टे आणि पर्लाज यांत यंत्र आणि हात यांचा फरक फार मोठा नाही. हातानेही ती यंत्रावरच होतात, फक्त लिव्हर माणूस ओढतो. खरा फरक कडेत आहे. ते उद्या लिहितो, दुकान उघडायचंय.

मीनाक्षी_तासगाव

लोलक काका, तुम्ही सांगलीचे आहात म्हणून विचारते. माझ्या वडिलांचं एचएमटी जनता आहे. 2019 च्या पुरात सांगलीच्या घरी तळमजल्यावरच्या कपाटात राहिलं. पाणी ओसरल्यावर सापडलं तेव्हा आत गाळ होता. एका दुकानात दिलं, त्यांनी साफ केलं आणि आतली प्लेट बफवर चकचकीत करून दिली. दिसायला छान दिसतं, पण तेव्हापासून नीट चालत नाही. आणि प्लेटवर गंजाचे बारीक खड्डे अजून दिसतात. हे जिनिव्हा पट्टे मारले तर खड्डे झाकले जातील का? खर्चाची काळजी नाही, वडिलांची आठवण आहे.

कुपवाड_टूलरूम

मीनाक्षीताई, बफिंग करताना कडा गोल होतात आणि माप जातं. आमच्याकडे मापाच्या कामाला बफ लावायला बंदी आहे. बाकी काका सांगतीलच.

लोलक

मीनाक्षीताई, तुमचं आधी घेतो, कारण ते अडलेलं काम आहे.

पट्टे मारू नका. पट्टे काही मायक्रॉनचे असतात आणि गंजाचा खड्डा त्याच्या कितीतरी पट खोल असतो. खड्डे जाईपर्यंत प्लेट घासली तर दुसरंच बिघडेल. चाकांच्या बारीक टोकांना वर-खाली हलायला थोडी मोकळीक लागते, एका मिलिमीटरचे दोन-तीन शतांश भाग इतकीच. ती मोकळीक प्लेट आणि ब्रिज यांच्या टेकण्याच्या जागांवरून ठरते. मला शंका आहे की बफ करताना बॅलन्सच्या, म्हणजे झुलणाऱ्या चाकाच्या, ब्रिजचा पाय खालून घासला गेलाय. म्हणजे ब्रिज थोडा खाली बसतो आणि बॅलन्सला दाबतो.

घरी एवढंच करून बघा, पण कोणा जाणत्याच्या हातून. घड्याळ चालू असताना बॅलन्सच्या ब्रिजचा स्क्रू पूर्ण आवळायचा. बॅलन्स मंदावला किंवा थांबला आणि स्क्रू अर्धा पीळ सैल केल्यावर पुन्हा झुलायला लागला, तर शंका खरी. मग उपाय म्हणजे दुसऱ्या बंद जनतातला चांगला ब्रिज बसवणं. काहीजण पायाखाली पातळ पत्रा घालतात किंवा पायाला टोचून खवले उठवतात. चालतं, पण ब्रिज तिरका बसतो आणि टोकं झिजतात. मी ते करत नाही.

खड्डे राहू द्या. गंज पुढे सरकत नाही ना, एवढं बघितलं की झालं. सांगलीला आलात तर घड्याळ घेऊन या.

मीनाक्षी_तासगाव

काका, धन्यवाद. येत्या रविवारी येते. एक विचारू का, एचएमटीत असली नक्षी मुळातच का नसायची?

अजिंक्यतारा

ताई, जनता हे सामान्य माणसाला परवडावं म्हणून काढलेलं घड्याळ होतं. मागचं झाकण बंद, आत कोण बघणार? त्यात पैसा घातला तो ज्युएल आणि चाकांवर. माझ्या मते तोच बरोबर हिशेब होता.

लोलक

आता कड. कुपवाड, तुमचं अर्धं अगदी बरोबर आहे, म्हणून तुमच्यापासूनच सुरू करतो.

ब्रिजची बाहेर वळलेली बाजू असेल, लांब सरळ बाजू असेल, तर यंत्राने काढलेली कड आणि हाताची कड यांत आयग्लास लावूनही फरक पटकन सांगता येत नाही. पण ब्रिजच्या आकारात जिथे आत शिरणारा कोपरा असतो, म्हणजे दोन बाजू खोबणीसारख्या आत येऊन टोकाला भेटतात, तिथे या. दोन तिरक्या कडा त्या टोकात भेटल्या पाहिजेत, आणि भेटतात तिथे एक सरळ, धारदार रेघ दिसली पाहिजे. फोटो फ्रेमच्या चौकटीत दोन पट्ट्या कोपऱ्यात जुळवतात तशी. फिरणारा कटर टोकदार असला तरी वर त्याला रुंदी असते. तो आतल्या कोपऱ्यात गेला की कडेची वरची बाजू गोल वळण घेते. रेघ तयारच होत नाही. ती रेघ कानशीने आणि काडीने काढावी लागते.

मी कसं केलं ते सांगतो. मेलेल्या 6498 चा चाकांचा ब्रिज घेतला. त्यातले ज्युएल आधी दाबून काढले, नाहीतर घासलेली पूड त्यांच्या भोकात बसते. मूळ ब्रिजला आत शिरणारा टोकदार कोपरा नव्हता, म्हणून सरावासाठी एका बाजूला मी तो स्वतः कापून घेतला. ब्रिज वाकू नये म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात त्याच्या आकाराची खाच करून बसवला. मग अगदी बारीक दाताच्या कानशीने कड धरली. रुंदी पाव मिलिमीटर, सगळीकडे तेवढीच. ही रुंदी सांभाळणं हेच निम्मं काम आहे. वळणावर हात आपोआप जास्त दाब देतो आणि कड तिथे पोट सुटल्यासारखी रुंद होते.

आतल्या कोपऱ्यासाठी एका बाजूला दात नसलेली कानस लागते. नाहीतर एक कड घासताना शेजारची खरवडली जाते. दोन्हीकडून आळीपाळीने चार-चार हात मारायचे आणि प्रत्येक वेळी आयग्लासमधून बघायचं की भेटीची रेघ बरोबर टोकात जातेय का. एका बाजूने दोन हात जास्त झाले की रेघ सरकते. मग दुसऱ्या बाजूने घासून परत आणायची, पण त्यात दोन्ही कडा रुंद होतात. तसं दोनदा केलं की ब्रिज फुकट.

कानशीनंतर काडीला चिकटवलेला पॉलिश पेपर, 400 पासून 1200 पर्यंत, रेघा नेहमी कडेच्या लांबीच्या दिशेने. शेवटी लाकडाची काडी आणि डायमंड पेस्ट, 6 मायक्रॉन, 3, मग 1. स्वित्झर्लंडमध्ये यासाठी जेन्शियन नावाच्या रोपाची वाळलेली काडी वापरतात. ती मला मिळाली नाही, म्हणून मी तुरकाठी तासून वापरली. बाहेरचं लाकूड बऱ्यापैकी काम देतं, आतला गाभा मात्र फार मऊ आहे. तीन संध्याकाळी, मिळून नऊ तास गेले. त्यातले दोन तास एकट्या आतल्या कोपऱ्यावर.

काडीऐवजी बफचं मऊ चाक लावलं असतं तर अर्ध्या तासात चमक आली असती, पण कड गोल झाली असती. हाच ओळखायचा दुसरा मुद्दा. चांगली कड सपाट असते, म्हणून घड्याळ हातात हलवलं की ती पूर्ण लांबीभर एकदम पेटते आणि एकदम काळी होते. बफ केलेल्या कडेवर उजेडाची रेघ पसरट दिसते, हलवलं तर ती नुसती सरकत राहते. कधीच पूर्ण काळी होत नाही.

कुपवाड_टूलरूम

काका, कटरचं गणित मान्य. वायरकटने भिंतीचा कोपरा जवळजवळ धारदार निघेल, पण चॅम्फरची वरची कड गोलच राहील, हे मी कागदावर काढून पाहिलं. पण एक शंका आहे. ठशाने दाबून काढला तर? डाय धारदार असेल तर आतल्या कोपऱ्यातली रेघही दाबून निघेल. म्हणजे रेघ दिसली म्हणून हातकाम, हे सिद्ध होत नाही.

लोलक

ही शंका रास्त आहे. डायने धारदार रेघ निघू शकते. म्हणून नुसत्या रेघेवर मी निकाल देत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंचा आरसा अगदी टोकापर्यंत जातोय का ते बघतो. दाबलेल्या किंवा यंत्राच्या कामात पॉलिश करणाराला त्या टोकात शिरता येत नाही, म्हणून शेवटचा थोडा भाग करडा राहतो. तिथेही कोणी काडी घालून टोकापर्यंत चमक आणली असेल, तर माझ्या मते ते हातकामच झालं. सुरुवात डायने झाली असली तरी.

राजवाडा_चौक

मी बाहेरगावी एका घड्याळाच्या शोरूममध्ये काम करतो, सुट्टीला सांगलीत आलोय. लोलक काकांच्या क्रमाबद्दल विचारायचं होतं. कड आधी की पट्टे आधी? आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की पट्टे आधी मारायचे आणि मग कड काढायची, म्हणजे पट्टे कडेपाशी धारदार कापले जातात.

लोलक

मी उलटं करतो. कडेचा आकार आधी काढतो, पट्टे मग आणि कडेची शेवटची चमक सगळ्यात शेवटी. कारण कानस चुकून वर सरकली तर पट्ट्यांवर ओरखडा येतो आणि पट्टे थोडेसे दुरुस्त करता येत नाहीत, सगळे परत मारावे लागतात. पण तुम्ही म्हणता तसंही करणारे चांगले कारागीर आहेत. ज्याचा हात स्थिर त्याला तुमचा क्रम जास्त धारदार देईल, हे मी नाकारत नाही.

दोन्हींत मुलामा मात्र शेवटीच. पितळ उघडं ठेवलं तर काळवंडतं, म्हणून रोडियम किंवा सोन्याचा पातळ थर देतात. थर जाड झाला की पट्ट्यांच्या बारीक रेघा बुजतात आणि सगळं साबण लावल्यासारखं मऊ दिसतं. जर्मनीत ग्लासहुटेकडे न मुलामा दिलेली जर्मन सिल्व्हरची प्लेट वापरायची पद्धत आहे. ती कालांतराने पिवळसर होते, पण तिच्यावरचे पट्टे फार जिवंत दिसतात.

राजवाडा_चौक

ग्राहकांना आम्ही सांगतो की पर्लाज धूळ पकडून ठेवायला असतं. तेल लावलेल्या भागांपर्यंत धूळ जात नाही.

लोलक

हे मीही पूर्वीपासून ऐकतोय. केसला नीट सील नसायचं त्या काळात थोडं खरं असेलही. पण मी हजारो मशीनं उघडली, त्यांत पर्लाज असलेलं मशीन कमी घाण निघालं असं मला कधी आढळलं नाही. कटरच्या खुणा झाकायला ते उपयोगी पडतं, एवढं मी स्वतः सांगू शकतो.

अजिंक्यतारा

मी मूळ मुद्द्यावर परत येतो. 55,000 च्या घड्याळात तासन्‌तास हातकाम शक्यच नाही. लोलक काकांनी एका ब्रिजला नऊ तास घेतले. 6498 ला बॅरलचा ब्रिज, चाकांचा ब्रिज, बॅलन्सचा ब्रिज आणि पॅलेटचा छोटा ब्रिज, असे चार. सरावलेल्या हाताला निम्मा वेळ लागला तरी अठरा तास. 21,000 ला अठरा म्हणजे तासाला साधारण 1,170 रुपये. त्यात विक्रेत्याचा नफा, मुलामा, पट्टे सगळं बसवा. कारागिराला काय उरलं?

लोलक

हिशेब पटला. म्हणून, कृष्णाकाठ, तुमच्या फोटोतली कड कटरने काढून मग बफ केलेली असावी, असा माझा अंदाज आहे. त्यात वाईट काही नाही. फक्त "सगळं हातकाम" म्हणणं बरोबर नाही.

किमतीबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. फिनिशिंगने घड्याळ वेळ जास्त अचूक दाखवत नाही. ईटीए कंपनीच्या 2824 सारख्या मशीनमध्ये स्टँडर्ड, एलाबोरे, टॉप आणि क्रोनोमीटर असे दर्जे असतात. तिथे वरच्या दर्जात सजावट आणि वेळेची जुळणी दोन्ही वाढतात, म्हणून लोकांना वाटतं की पट्ट्यांमुळे वेळ सुधारली. वेळ सुधारते ती जास्त स्थितींत तपासून जुळवल्यामुळे आणि चांगल्या सुट्या भागांमुळे. पट्टे सोबत येतात, एवढंच.

पण जिथे कारागिराचं नावच किंमत असतं तिथे हिशेब वेगळा होतो. फिलिप द्युफूरचं सिम्प्लिसिटी 2000 साली आलं. फक्त वेळ दाखवणारं, हाताने चावी द्यायचं घड्याळ. लोक त्यासाठी अफाट पैसे मोजतात ते त्याच्या कडांसाठी आणि आतल्या कोपऱ्यांसाठी. जिनिव्हाचा शिक्का, म्हणजे तिथल्या घड्याळांच्या दर्जाची खूण, 1886 पासून आहे, त्याच्या नियमांत कडा घासून पॉलिश करणं सक्तीचं आहे. पाटेक फिलिपने 2009 मध्ये तो शिक्का सोडून स्वतःचा आणला, त्यातही फिनिशिंगच्या अटी आहेत. अशा घड्याळात फिनिशिंगचे पैसे पुढच्या घेणाऱ्याकडूनही मिळतात, कारण तो तेच बघायला आलेला असतो. 6498 च्या सजवलेल्या घड्याळात ते पैसे तुमच्या डोळ्यांच्या सुखासाठी आहेत. रोज मागची काच बघणार असाल तर ते सुख खरं आहे. फक्त काय बघताय ते कळून द्या.

कृष्णाकाठ

मंडळी, पुन्हा पुण्याला जाऊन आलो. लोलक काकांकडून दहापट मोठं दाखवणारा आयग्लास घेऊन गेलो होतो. जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो.

पट्टे: बारीक वळणदार रेघा स्पष्ट दिसतात, म्हणजे ठशाने दाबलेले नाहीत. पण दोन ब्रिजच्या जोडाशी पट्टा खरंच अर्ध्या रुंदीने सरकलाय.

पर्लाज: डायलच्या बाजूचं बघता आलं नाही. बॅलन्सखाली दिसतं तेवढं एकसारखं आहे. पण ब्रिजच्या सावलीत जिथे शिरतं तिथे ओळ अचानक थांबते. दिसेल तेवढंच केलंय.

कड: लांब बाजूवर चांगली चमक आहे. दिव्याखाली हलवली तर उजेडाची रेघ सरकत राहते, एकदम काळी होत नाही. आत शिरणारे कोपरे दोन आहेत, दोन्ही गोल. स्क्रूच्या भोकांच्या कडांना मात्र काहीच केलेलं नाही, तिथे कटरच्या गोल रेघा तशाच आहेत.

विक्रेत्याला हे शांतपणे दाखवलं. ते म्हणाले, "आम्हाला पुरवठादाराने जसं सांगितलं तसं आम्ही सांगितलं." किंमत 46,000 पर्यंत खाली आणली. मी विचार करायला वेळ मागितला.

अजिंक्यतारा

46 ला सुद्धा माझा नकार कायम.

राजवाडा_चौक

46 ला मी घेईन. पट्टे खरे आहेत, कड दिसायला सुंदर आहे, आणि रोज हातात घालायचं घड्याळ आहे. कोपरे कोण बघतो?

कृष्णाकाठ

कोपरे आता मीच बघतो, हीच अडचण झालीय! परवा साधं घेतलं, 34,000 ला. मागची काच असूनही आतलं मशीन करडं आहे, आणि मला ते प्रामाणिक वाटलं.

दुसरं सांगायचं म्हणजे लोलक काकांच्या दुकानात दोन संध्याकाळ बसलो. त्यांनी एक मोडका बॅरलचा ब्रिज सरावाला दिला. त्याच्या एका बाजूला खोबण कापून घेतली आणि कड धरली. बाहेरची वळणं बरी जमली. आतल्या कोपऱ्याचा फोटो जोडतोय. रेघ दिसते, पण टोकात जात नाही असं मला वाटतं. पुढे काय करू?

मीनाक्षी_तासगाव

काका, माझं घड्याळ रविवारी दाखवलं त्याबद्दल इथेही सांगते. स्क्रू आवळला की थांबत होतं, तुम्ही म्हणालात तसंच. दुसरा ब्रिज मिळेपर्यंत थांबतेय. घाई नाही.

लोलक

ताई, एका जुन्या जनतातला ब्रिज मिळालाय. पाय मोजला, तुमच्यापेक्षा उंच आहे. बुधवारी बसवून बघतो. चालेल की नाही ते बॅलन्सची मोकळीक बघूनच सांगेन.

कृष्णाकाठ, फोटो मोठा करून पाहिला. उजवीकडची कड डावीपेक्षा रुंद झालीय, म्हणून रेघ टोकाच्या डावीकडे सरकलीय. आता उजव्या कडेला हात लावू नका. डाव्या बाजूने, दात नसलेली बाजू कोपऱ्याकडे ठेवून, कानशीचे दोनच हात मारा आणि थांबून बघा. रेघ टोकात आली की कानस खाली ठेवा. पुढचं सगळं 1200 च्या पेपरने, तोही नवा तुकडा. वापरलेल्या पेपरच्या कडेला सुटलेला कण राहतो आणि तो नेमका कोपऱ्यातच ओरखडा काढतो. काडी गुरुवारी मी तासून देतो.

कुपवाड_टूलरूम

गुरुवारी मीही येऊ का? वायरकटने कापलेला पितळेचा एक तुकडा घेऊन येतो, आतला कोपरा शक्य तितका धारदार ठेवून. एकदा स्वतःच्या हाताने ती रेघ काढून बघायची आहे.

लोलक

या. सातनंतर या, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. पितळ एक मिलिमीटरपेक्षा पातळ आणू नका, ठोकळ्यात वाकतं.